११ लाख ६६ हजारांचा शोध

महिना संपून आठ-दहा दिवस झाले की कारखान्यांतल्या विभागप्रमुखांना अकाउंट्सकडून एक मेल येते. सोबत एक तक्ता असतो : बजेट, प्रत्यक्ष खर्च, फरक आणि टक्के असे चार रकाने. फरक मोठा असला की तो आकडा लाल होतो आणि खाली विचारणा येते, ‘कृपया दोन दिवसांत कारण कळवावे.’ उत्पादन, देखभाल, डिस्पॅच, मनुष्यबळ अशा कामांत आयुष्य घालवलेला माणूस या तक्त्यापुढे अडखळतो. मग तो ‘काम वाढल्यामुळे खर्च वाढला’ अशी एक ओळ लिहून मोकळा होतो. ती ओळ बहुतेक वेळा पूर्ण खोटी नसते, पण तिच्यातून कुणाच्याही हाती काही लागत नाही.

खरे म्हणजे त्या लाल आकड्याचे उत्तर अकाउंटंटपेक्षा विभागप्रमुखालाच चांगले देता येते, कारण तो ज्या घटनांतून तयार होतो त्या सगळ्या त्याच्या डोळ्यांसमोर घडलेल्या असतात. फक्त आकडा उलगडण्याचा क्रम माहीत हवा. हा क्रम एका उदाहरणावर पाहू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून जुळवलेले आहेत, पण त्यांतली प्रत्येक भानगड कारखान्यांत नेहमी घडणारी आहे.

समजा, चाकणमधला एक कारखाना वाहनांचे पत्र्याचे सुटे भाग बनवतो आणि नाशिकच्या एका वाहन कारखान्याला पुरवतो. माल लोखंडी ट्रॉल्यांत रचून ट्रकने जातो. डिस्पॅच विभागाच्या वाहतूक खर्चाचे सप्टेंबरचे बजेट आहे ३६ लाख रुपये. अहवालात प्रत्यक्ष खर्च दिसतो ४७ लाख ६६ हजार. फरक ११ लाख ६६ हजारांचा, म्हणजे बजेटच्या ३२ टक्के.

पहिले काम हिशेबाचे नाही, अहवाल नीट वाचण्याचे आहे. सॅपसारख्या प्रणालीत महिने क्रमांकाने दाखवलेले असतात आणि एप्रिल ते मार्च वर्ष धरणाऱ्या कंपनीत पहिला क्रमांक एप्रिलचा असतो. त्यामुळे `006` म्हणजे जून नव्हे, सप्टेंबर. चुकीच्या महिन्याचा अहवाल समोर ठेवून तावातावाने भांडणारे लोक कारखान्यात नवे नाहीत. दुसरी गोष्ट चिन्हाची. सॅपच्या `S_ALR_87013611` या प्रसिद्ध अहवालात प्रत्यक्ष खर्चातून बजेट वजा केलेले असते, म्हणून खर्चाच्या ओळीत अधिक फरक म्हणजे जादा खर्च. काही कंपन्यांच्या एक्सेल तक्त्यांत वजाबाकी उलटी केलेली असते आणि तिथे जादा खर्च उणे दिसतो. तिसरी गोष्ट जीएसटीची. ज्या कराचा परतावा कंपनीला मिळतो तो खर्चात धरला जात नाही, त्यामुळे अहवालातला आकडा ट्रान्सपोर्टरच्या बिलावरच्या एकूण रकमेपेक्षा कमी असू शकतो. बिलांची बेरीज अहवालाशी जुळवायची असेल तर करापूर्वीची रक्कम घ्यावी.

एवढे पाहून झाले की आकड्याच्या पोटात शिरायचे. ईआरपी आणि जुन्या छापील अहवालांत मोठा फरक इथेच आहे. एकूण आकड्यावर क्लिक केले की त्याच्या मागच्या एकेक नोंदी उघडतात. सॅपमध्ये `KSB1` हा व्यवहार त्यासाठीच आहे. टॅलीत कॉस्ट सेंटरच्या अहवालावरून थेट व्हाउचरपर्यंत उतरता येते. प्रत्येक नोंदीत तारीख, रक्कम, पुरवठादार, पर्चेस ऑर्डरचा क्रमांक आणि बहुधा थोडा मजकूर असतो. नोंदी रकमेनुसार उतरत्या क्रमाने लावाव्यात आणि वरच्या वीस-पंचवीस पाहाव्यात. रोजच्या फेरीचे भाडे नऊ-दहा हजार असताना मध्येच दोन लाखांची नोंद आली तर ती डोळ्यांत भरतेच.

आपल्या उदाहरणात तशी एक नोंद सापडते : २ लाख १० हजार, लो-बेड ट्रेलरचे भाडे, न्हावा-शेवा बंदर ते चाकण. ते नव्या प्रेस मशीनच्या वाहतुकीचे भाडे आहे. डिस्पॅचचा त्याच्याशी काही संबंध नाही. ट्रेलर ठरवताना मागणी भरणाऱ्याने ‘वाहतूक’ हा शब्द पाहिला आणि सवयीने डिस्पॅचचे कॉस्ट सेंटर टाकले. नवे यंत्र कारखान्यापर्यंत आणण्याचा खर्च हिशेबाच्या नियमांप्रमाणे त्या यंत्राच्या किमतीत जातो, तो महिन्याच्या खर्चात यायलाच नको होता. ईआरपीत असे होते, कारण खर्च कुठल्या खात्यावर आणि कुठल्या विभागावर पडणार हे आता अकाउंट्सचा माणूस शेवटी ठरवत नाही. मागणी किंवा पर्चेस ऑर्डर भरताना जो कोड टाकला जातो, त्याच्यामागे बिल आपोआप चालत जाते. कोड भरणारा मात्र बहुतेक वेळा स्टोअरमधला किंवा विभागातला क्लार्क असतो.

ही चूक दुरुस्त होते, पण वेळेत कळवली तर. महिन्याची पुस्तके एकदा बंद झाली की दुरुस्तीची नोंद पुढच्या महिन्यात येते. मग सप्टेंबर उगाच फुगलेला राहतो आणि ऑक्टोबर तेवढाच उगाच सुकतो. म्हणून महिना संपण्याच्या चार दिवस आधी `KSB1` एकदा उघडून पाहणारा विभागप्रमुख स्वतःचे आणि अकाउंट्सचे बरेच श्रम वाचवतो.

दुसरी गोष्ट काळाची, आणि ती अधिक फसवी. नोंदींचा मजकूर वाचताना दिसते की सप्टेंबरच्या खर्चात ४ लाख ४० हजारांच्या फेऱ्या ऑगस्टच्या आहेत. गाड्या ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात धावल्या. ग्राहकाचा शिक्का मारलेल्या पोचपावत्या मात्र सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत आल्या आणि त्यानंतरच डिस्पॅचने ईआरपीत सेवा मिळाल्याची नोंद केली. ती नोंद झाली त्या तारखेला खर्च पडला. म्हणजे ऑगस्टचा अहवाल हिरवा दिसला होता तो काटकसरीमुळे नव्हे, नोंदी राहिल्यामुळे. सप्टेंबरअखेरही तेच झाले : ३ लाखांच्या फेऱ्या धावूनही अजून नोंदायच्या आहेत.

यावर उपाय जुनाच आहे, तरतुदीचा. महिन्याच्या शेवटच्या दिवशी डिस्पॅचच्या रजिस्टरमधून ‘धावल्या पण नोंदल्या नाहीत’ अशा फेऱ्यांची यादी अकाउंट्सला पाठवायची. अकाउंट्स त्या रकमेची प्रोव्हिजन टाकते आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला ती उलटवते. ही यादी डिस्पॅचशिवाय कुणी देऊ शकत नाही. ती आली नाही तर अकाउंट्सपुढे अंदाज करणे किंवा सोडून देणे हेच दोन मार्ग उरतात.

आता गाळ काढून टाकू. ४७ लाख ६६ हजारांतून ट्रेलरचे २ लाख १० हजार आणि ऑगस्टचे ४ लाख ४० हजार वजा केले, राहिलेले ३ लाख मिळवले, की सप्टेंबरचा खरा वाहतूक खर्च येतो ४४ लाख १६ हजार. खरा फरक ८ लाख १६ हजार. अहवालातल्या लाल आकड्यातले साडेतीन लाख या घटनेचा भागच नव्हते. अनेक विभागप्रमुख इथेच थांबतात आणि ‘चुकीच्या नोंदी’ असे उत्तर देतात. ते पुरेसे नाही. आठ लाख अजून शिल्लक आहेत आणि ते खरोखर खर्च झाले आहेत.

त्यांचा उलगडा करायला बजेट कशाचे बनले होते हे माहीत हवे. ३६ लाख ही रक्कम आभाळातून पडली नव्हती. महिन्याला ३,६०० टन माल, एका गाडीत ९ टन, म्हणून ४०० फेऱ्या, आणि काँट्रॅक्टचा दर फेरीला ९,००० रुपये, असा तो गुणाकार होता. प्रत्यक्षात सप्टेंबरमध्ये ३,७८० टन माल गेला, फेऱ्या झाल्या ४६० आणि फेरीचा सरासरी दर पडला ९,६०० रुपये.

पहिला प्रश्न : काम किती वाढले? ३,७८० टन माल ९ टनांच्या हिशेबाने न्यायला ४२० फेऱ्या लागायला हव्या होत्या. म्हणजे बजेटपेक्षा २० फेऱ्या जास्त, आणि बजेटच्या दराने त्यांचे १ लाख ८० हजार. ही रक्कम डिस्पॅचच्या गळ्यात घालणे अन्याय ठरेल, कारण जादा माल विकला गेला आहे आणि त्याचे पैसे विक्रीच्या ओळीत दिसणार आहेत. प्रत्यक्ष कामाच्या प्रमाणात बजेट पुन्हा मांडण्याच्या या पद्धतीला लवचिक बजेट म्हणतात. ‘काम वाढले म्हणून खर्च वाढला’ या वाक्यात किती तथ्य आहे ते यातून नेमके मोजता येते. इथे ते आठ लाखांपैकी पावणेदोन-दोन लाखांइतकेच आहे.

दुसरा प्रश्न : दराचे काय झाले? बजेटपेक्षा ६०० रुपये जास्त, ४६० फेऱ्यांवर, म्हणजे २ लाख ७६ हजार. पण सरासरी दर हा आकडा बरेच काही झाकतो. काँट्रॅक्टच्या ४०० फेऱ्या ९,३०० ने झाल्या. करारातल्या डिझेलच्या कलमानुसार दर ३०० रुपयांनी वाढला होता, त्याचे १ लाख २० हजार. उरलेल्या ६० फेऱ्यांना काँट्रॅक्टची गाडी मिळाली नाही, म्हणून ऐनवेळी मार्केटमधून गाड्या उचलल्या, ११,६०० रुपयांनी. त्यांच्यावर फेरीला २,६०० जादा, एकूण १ लाख ५६ हजार. डिझेलवर कारखान्याचा ताबा नाही. मार्केटच्या गाड्यांवर मात्र आहे.

तिसरा प्रश्न उरलेल्या रकमेचा. ४२० फेऱ्या पुरायला हव्या होत्या, झाल्या ४६०. या ४० फेऱ्यांचे बजेटच्या दराने ३ लाख ६० हजार होतात. तीनही रकमा मिळवल्या की बरोबर ८ लाख १६ हजार जुळतात. आता प्रश्न असा की चाळीस गाड्या जास्त का धावल्या? मालाला फेऱ्यांनी भागले तर दिसते की गाडीत सरासरी ९ नव्हे, ८.२ टनच माल जात होता. गाड्या अर्धवट भरून सुटत होत्या.

का, याचे उत्तर ईआरपीच्या वाहतूक खर्चाच्या ओळीत नाही. विश्लेषणाने इथवर आणून सोडले, पुढचा तपास यार्डात करायचा. वजनकाट्याच्या पावत्या गाडीगणिक पाहिल्या आणि लोडिंग सुपरवायझरला विचारले तर कळते, रचायला ट्रॉल्याच पुरत नव्हत्या. कोपऱ्यात चाक मोडलेल्या, वेल्डिंग सुटलेल्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. नाशिकची वेळ गाठायची म्हणून जेवढ्या चांगल्या ट्रॉल्या होत्या तेवढ्या भरून गाडी सोडली जात होती, आणि उरलेल्या मालासाठी संध्याकाळी आणखी एक मार्केटची गाडी बोलावली जात होती.

आता पुन्हा अहवालाकडे यावे आणि या वेळी लाल सोडून हिरव्या ओळी वाचाव्यात. त्याच विभागात ‘ट्रॉली दुरुस्ती’ अशी एक ओळ आहे. बजेट १ लाख ५० हजार, खर्च ४० हजार, बचत १ लाख १० हजार. महिनाभर कुणीही तिच्याबद्दल विचारले नाही, कारण विचारणा फक्त लाल ओळींची होते. दुरुस्तीची पर्चेस ऑर्डर पुढे ढकलली गेली, विभागाला शाबासकीही मिळाली असेल, आणि त्या बचतीची किंमत वाहतुकीच्या ओळीत वसूल झाली.

ही किंमत किती, यात सूत्राची एक मर्यादा लपलेली आहे. सूत्राप्रमाणे ४० जादा फेऱ्यांचे ३ लाख ६० हजार झाले, कारण त्या बजेटच्या ९,००० दराने मोजल्या. प्रत्यक्षात काँट्रॅक्टच्या गाड्या ४०० फेऱ्यांतच संपत होत्या, त्यामुळे या चाळीसही फेऱ्या मार्केटच्या गाड्यांच्या, म्हणजे ११,६०० च्या. ट्रॉल्या नीट असत्या तर ४ लाख ६४ हजार वाचले असते. सूत्र दराचा भाग दराच्या रकान्यात आणि संख्येचा भाग संख्येच्या रकान्यात टाकते. एकाच कारणाने दोन्ही वाढले असतील तर ते कारण दोन ठिकाणी विभागले जाऊन लहान दिसते. यासाठी उत्तर लिहिताना रकान्यांची नावे नव्हे, कारणे लिहावीत.

मग ते उत्तर कसे असावे? डिस्पॅच प्रमुखाला एक लहान परिच्छेद पुरतो : ‘फरक ११.६६ लाख. पैकी ३.५० लाख नोंदींचा : नव्या प्रेसचा ट्रेलर आमच्यावर पडला आहे, दुरुस्तीची विनंती पाठवली, ऑगस्टच्या राहिलेल्या फेऱ्या सप्टेंबरमध्ये आल्या, सप्टेंबरच्या राहिलेल्यांची यादी सोबत आहे. खऱ्या ८.१६ लाखांपैकी १.८० लाख जादा मालामुळे, १.२० लाख डिझेलच्या कलमामुळे. उरलेल्या ५.१६ लाखांपैकी ४.६४ लाख ट्रॉल्यांच्या कमतरतेमुळे. दुरुस्तीची ऑर्डर आज काढत आहोत, १५ नोव्हेंबरपासून गाडी पुन्हा ९ टनांवर यावी. बाकी सुमारे अर्धा लाख, वाढलेल्या मालाला मार्केटच्या गाड्या लागल्या त्याचा.’ यात प्रत्येक रकमेला कारण आहे, कारणाला मालक आहे आणि एका ठिकाणी तारीखही आहे. पुढच्या महिन्यात हे उत्तर तपासता येते.

या उत्तरानंतर बजेटचा आकडा बदलू नये. मूळ बजेट तसेच ठेवावे आणि उरलेल्या महिन्यांचा अंदाज वेगळ्या रकान्यात मांडावा. सॅपमध्ये यासाठी बजेटच्या निरनिराळ्या आवृत्त्या ठेवायची सोय असते. डिझेलची वाढ मार्चपर्यंत राहील असे वाटत असेल तर अंदाजात फेरीला ३०० रुपये वाढवावेत. जादा चाळीस फेऱ्या मात्र नोव्हेंबरनंतर धरू नयेत, कारण त्या थांबवायच्याच आहेत. जे बदलता येणार नाही ते अंदाजात जाते आणि जे बदलायचे आहे ते कामाच्या यादीत. फरकाच्या ओघात बजेटच वाढवून घेतले, तर ट्रॉल्या पुढच्या वर्षीही मोडक्याच राहतील आणि अहवाल हिरवा दिसेल.

काही प्रणाली खर्च होण्याआधीच अडवतात, पण तेवढ्यावर विसंबणे धोक्याचे. मुंबईत घडलेल्या ईआरपीनेक्स्टमध्ये बजेटच्या पुढे जाणारी मागणी किंवा पर्चेस ऑर्डर आली तर थांबवायचे, इशारा द्यायचा की दुर्लक्ष करायचे, असे तीन पर्याय ठरवून ठेवता येतात. सॅपच्या अहवालांत काढलेल्या पण अजून न आलेल्या ऑर्डरींचा खर्च, ज्याला कमिटमेंट म्हणतात, वेगळा दिसू शकतो. सुटे भाग, यंत्रे, प्रवास यांसाठी हे फार उपयोगी आहे. वर्षभराच्या रेट काँट्रॅक्टवर धावणाऱ्या गाड्यांसाठी नाही, कारण तिथे प्रत्येक फेरीला वेगळी ऑर्डर निघत नाही. आणि ट्रॉली दुरुस्तीची ऑर्डर निघालीच नाही, हे तर कुठलीच कुलूपबंद प्रणाली सांगणार नाही.

एक सूचना ईआरपीत बजेट भरण्याच्या वेळेची. वार्षिक रक्कम टाकली की प्रणाली ती सहसा बारा सारख्या भागांत वाटते. ज्या कारखान्यात दिवाळीआधी माल जास्त जातो आणि दिवाळीच्या सुट्टीत यार्ड रिकामे असते, तिथे अशी वाटणी सप्टेंबरला लाल आणि नोव्हेंबरला हिरवे करते, खर्चात कुठलाही दोष नसताना. महिनावार टप्पे मागच्या दोन-तीन वर्षांच्या प्रत्यक्ष मालावरून ठरवावेत.

जानेवारीत पुढच्या वर्षाचे बजेट मागणारा तक्ता येईल आणि त्यात वाहतूक खर्चासाठी एकच चौकोन असेल. डिस्पॅच प्रमुखांनी त्या चौकोनात रक्कम लिहून थांबू नये. टन, गाडीतले वजन, काँट्रॅक्टच्या फेऱ्या, मार्केटच्या फेऱ्या आणि प्रत्येकीचा दर असा एक पानाचा गुणाकार सोबत जोडावा आणि त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी. पुढच्या सप्टेंबरात फरक फोडायला बसल्यावर सर्वांत आधी तेच पान लागणार आहे.